हिरवा दिवा आणि टोमॅटोचं पाणी

सँडविच टोस्टर मराठी घरात सहसा कोणी विकत आणत नाही, तो आपला येतो. लग्नाच्या आहेरात येतो, वास्तुशांतीला येतो, नाहीतर मिक्सर घेतला म्हणून दुकानदार तो वर देतो. आल्याच्या आठवड्यात घरात सकाळ-संध्याकाळ सँडविचं होतात. मग तो खोक्यात आणि खोकं माळ्यावर जातं. पुढे कधीतरी मुलांची सुटी लागते, पाव शिल्लक असतो, भाजीचा कंटाळा आलेला असतो आणि टोस्टर खाली उतरतो. तोपर्यंत माहितीपुस्तिका रद्दीत गेलेली असते. उरतात झाकणावरचे दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा.

या हिरव्या दिव्यावर घराघरातून जी श्रद्धा असते ती पुण्यातल्या चौकातल्या हिरव्या दिव्याच्या वाट्याला कधी आलेली नाही. तिथे तो लागायच्या आत लोक सुटतात, इथे तो लागेपर्यंत घर श्वास रोखून उभं असतं. दिवा लागला की कोणीतरी ओरडतं, "झालं, झालं, काढा!" मग झाकण उघडलं जातं. वरचा पाव वरच्या तव्याला चिकटून वर जातो, खालचा खालीच राहतो आणि मधली बटाट्याची चकती दोघांकडे बघत बसते.

त्या बिचाऱ्या दिव्याने मात्र सँडविच झालं असं कधीच म्हटलेलं नसतं. तो फक्त तव्यांबद्दल बोलतो. आत एक थर्मोस्टॅट असतो. तवे ठरलेल्या उष्णतेला, म्हणजे बहुतेक यंत्रांत साधारण १८० ते २०० अंशांच्या आसपास पोचले की तो वीज तोडतो आणि हिरवा दिवा लागतो. तवे जरा निवले की वीज पुन्हा सुरू होते आणि दिवा विझतो. तुम्ही थंडगार सँडविच आत ठेवलं की तवे एकदम निवतात आणि दिवा जातो. दोनेक मिनिटांनी परत येतो, म्हणजे तवे पुन्हा तापले. त्यांच्यामध्ये काय चाललंय, पाव भाजलाय की वाफेने शिजून पांढरा पडलाय, याची त्याला काहीही खबर नसते. (काही यंत्रांत दिव्यांचा हिशोब उलटा असतो. तिथे एक दिवा विझला की तवे तयार समजायचे. बाकी अज्ञान तेवढंच.)

आमच्या घरी या विषयावर तीन पंथ आहेत. मुलं हिरव्या दिव्याच्या पंथाची. भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, इंजिनिअर असल्याने मोबाईलवर सेकंद मोजणाऱ्या पंथाचे. आणि आत्या, जिने आयुष्यात लोखंडी तव्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, ती वाफेच्या पंथाची. आत्या यंत्राला यंत्र म्हणतच नाही. "तो तुमचा डबा लावा," म्हणते.

यात पहिला तंटा होतो तो तापवण्यावरून. भाऊजींचं म्हणणं असं की सँडविच आत ठेवून मग बटण दाबावं, म्हणजे वीज वाया जात नाही. हिशोब म्हणून हे बिनतोड आहे आणि सँडविच म्हणून सपशेल चूक. गार तव्यांमध्ये ठेवलेला पाव आणि आतलं सारण एकत्र, सावकाश तापत जातं. पावावर लावलेलं लोणी वितळतं आणि भाजण्याऐवजी पावात मुरतं. बाहेरच्या अंगाला अजून रंगही आलेला नसतो, तेवढ्यात आत टोमॅटो मऊ पडून पाणी सोडायला लागतो. बाहेरून कडक कवच तयार व्हायच्या आत आतून ओल येऊन पोचली की मग कितीही वेळ ठेवा, पावाचा कागद होतो. तो चिवट लागतो आणि कडेने गळतो.

तापलेल्या तव्यावर उलटा क्रम लागतो. पावाच्या पृष्ठभागातलं पाणी पहिल्या मिनिटभरात उडून जातं. आणि ते उडाल्याशिवाय पाव तांबूस होतच नाही, कारण पाणी आहे तोवर त्या थराचा पारा शंभर अंशांवर अडून राहतो आणि भाजल्याचा रंग नि खमंगपणा यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. एकदा तो वरचा थर कोरडा आणि कडक झाला की आत थोडं पाणी सुटलं तरी खायच्या वेळेपर्यंत तो तग धरतो. म्हणून बटण आधी, सँडविच मागाहून. पहिल्यांदा हिरवा दिवा लागल्यावरही मी घाई करत नाही. तो एकदा विझून दुसऱ्यांदा लागू देते. पहिल्या दिव्याला थर्मोस्टॅटजवळचा भाग तापलेला असतो, पण तव्याच्या कडा आणि कोपरे अजून झोपेतच असतात. रिकाम्या यंत्राला यासाठी पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात चटणी-लोणी लावून होतं.

आत्याची परीक्षा वेगळी. ती बोट पाण्यात बुडवून एक थेंब तव्यावर झटकते. थेंब चर्र करून नाचत पळाला तर तवा तयार, नुसताच बसून राहिला तर नाही. विजेच्या वस्तूवर पाणी शिंपडलेलं पाहून भाऊजी दर वेळी दोन पावलं मागे सरतात. तिच्या थेंबाची आणि माझ्या दुसऱ्या हिरव्या दिव्याची वेळ बहुधा एकच येते, हे मात्र त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

तवे कितीही तापवले तरी खरा मालक पाणी आहे, आणि ते सगळ्यात जास्त दडलेलं असतं टोमॅटोत. टोमॅटो हा सभ्य दिसणारा, लाल कपडे घातलेला पाण्याचा हंडाच. वजनाच्या सुमारे ९४ टक्के पाणी. काकडी त्याच्याही एक पाऊल पुढे. उकडलेल्या बटाट्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, पण ते पिठाने धरून ठेवलेलं असतं. टोमॅटोला असला काही संयम नाही. गरम झाला की तो सगळं सांगून टाकतो.

एका रविवारी भाऊजींनी वर्तमानपत्राच्या समासात याचा हिशोब मांडला. एका सँडविचमध्ये टोमॅटोच्या चार चकत्या, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. त्यात पाणी ३८ ग्रॅम. खोलीतल्या उष्णतेपासून एक ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ करायला साधारण २६०० ज्यूल लागतात. आमचं यंत्र ७५० वॉटचं, म्हणजे ते सेकंदाला ७५० ज्यूल देतं. एका ग्रॅमला साडेतीन सेकंद. चार चकत्यांचं सगळं पाणी उडवायचं तर सव्वादोन मिनिटं यंत्राची झाडून सारी ताकद त्यातच जाणार, पावाच्या वाट्याला शून्य. आणि यंत्रात सँडविचं असतात दोन. अर्थात सगळं पाणी काही उडत नाही. काही आतच राहतं, काही पावात शिरतं, काही कडेने खाली येऊन ओट्यावर थारोळं करतं. पण हिशोबाचा रोख बरोबर होता. सँडविच टोस्टर म्हणजे पावातून पाणी हाकलायचं यंत्र, आणि आपण त्याला वरून आणखी पाणी भरून देतो. "मग टोमॅटो कमी घाला की," आत्या म्हणाली. तिला समासातलं काही वाचायचं नव्हतं.

टोमॅटो काढून टाकणं हा काही उपाय नव्हे. मुंबईतल्या फुटपाथवरचा सँडविचवाला काढत नाही. उलट टोमॅटो, काकडी, बीट, कांदा, बटाटा, हिरवी चटणी अशी सगळी ओली मंडळी तो दोन पावांत बसवतो, लांब दांड्यांच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात दाबतो आणि निखाऱ्यांवर नाहीतर गॅसवर धरतो. तरी ते सँडविच हातात कुरकुरीत येतं. त्याच्या हाताकडे नीट पाहिलं तर सगळी विद्या दिसते. पावाला तो आधी लोणी लावतो, आणि मधोमध एक ठिपका नव्हे, तर कडेपर्यंत. चटणी त्यानंतर. ग्राहक समजतात की लोणी चवीसाठी. चवीसाठी आहेच, पण पाव आणि चटणी यांच्यामध्ये ते तेलकट पडद्याचं काम करतं आणि चटणीचं पाणी पावात शिरायला वेळ लागतो. पडदा काही मिनिटांचाच. लोणी वितळलं की तोही विरघळतो. पण तेवढ्यात तर बाहेरून पाव भाजून निघालेला असतो.

त्याची चटणीही आपल्यासारखी पळीवाढी नसते. डाळं किंवा पावाचे तुकडे घालून वाटलेली, सुरीने लावता येईल इतकी घट्ट. घरची चटणी मात्र मिक्सर फिरत नाही म्हणून वरून पाणी घालत घालत केलेली असते. ती सँडविचला चालेल की नाही हे बघायची पद्धत सोपी आहे. चमचाभर चटणी बशीत ठेवायची आणि पाच मिनिटांनी बघायचं. ढिगाभोवती हिरव्या पाण्याचं वर्तुळ दिसलं, तर तेच वर्तुळ पुढे यंत्राच्या बिजागरीत दिसणार. अशा चटणीत मूठभर डाळं घालून पुन्हा फिरवलं की ती शुद्धीवर येते. गाळण्यात ओतून पाणी निथळलं तरी चालतं, पण मग निम्मी चव त्या पाण्याबरोबर जाते.

मीठ-मसाल्याची वेळही तो सँडविचवाला सांभाळतो. काकडी-टोमॅटोवर तो मसाला भुरभुरवतो अगदी शेवटी, आणि लगेच वरचा पाव ठेवून साचा बंद. घरी आपण कोशिंबिरीच्या सवयीने सगळं आधी चिरून, मीठ लावून ताटलीत मांडून ठेवतो. मिठाचं कामच पाणी ओढून बाहेर काढणं. दहा मिनिटांत ताटलीत तळं साचतं आणि चकत्या त्यात पोहत सँडविचमध्ये येतात. आधीच मीठ लावायचं असेल, तर ते पाणी मुद्दाम सुटू द्यावं आणि चकत्या पंचावर पसरून टिपून घ्याव्यात. मीठ लावून न टिपण्याचा अर्धवट प्रकार मात्र नको.

आणखी एका बाबतीत घरच्या माणसाला सँडविचवाल्याचा हेवा वाटावा. त्याला साचा मुद्दाम तापवावा लागत नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर गिऱ्हाईक हटत नाही आणि साचा निवत नाही. पहिलं सँडविच पांढरं निघालंच, तर ते खाणारा माणूस लोकल पकडून कधीच गेलेला असतो. घरात तसं नसतं. पहिला घाणा नेहमी जरा फिका उतरतो आणि तो कोणाला द्यायचा यावरून आमच्याकडे मानापमान होतात. आता तो भाऊजींना देतात. जावई म्हणून पहिला मान त्यांचा, या मिषाने.

इथे एक आडवळण घेते. कडा दाबून त्रिकोणी कप्पे करणारं विजेचं यंत्र गाजवलं ऑस्ट्रेलियातल्या ब्रेव्हिल कंपनीने, १९७४ साली. त्या यंत्रात पावाच्या कडा चारी बाजूंनी सीलबंद होतात, म्हणून ते गळणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे चूक जास्त महागात पडते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटीहूनही जास्त जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर कप्पा फुगतो आणि सगळ्यात कमजोर जागी फुटतो. ती जागा बहुतेक वेळा कोपऱ्यात, तुमच्या बोटाजवळ असते. म्हणून त्रिकोणी यंत्रात एका कप्प्याला मोठा चमचाभर सारण पुरे, आणि तेही सुकं. मटकीची कोरडी उसळ चालेल, पावभाजीची भाजी नाही. रेघांच्या ग्रिलमध्ये कडा उघड्या राहतात आणि वाफ रेघांच्या खाचांतून निघून जाते. आमच्याकडचं यंत्र हे असं आहे, आणि टोमॅटोशी संसार करायचा तर हेच बरं.

तर तो समासातल्या हिशोबाचा रविवार. भाऊजींनी स्वतः सँडविच रचलं. ताजा मऊ पाव, त्यावर पातळ चटणी, मग टोमॅटो, वर कुकरमधून नुकता काढलेला वाफाळता बटाटा, पुन्हा टोमॅटो, आणि कडेच्या बाहेर डोकावणारं चीज. झाकण बसेना म्हणून तळहाताने दाबून कडी लावली. दाबताक्षणी लाल पाण्याची एक धार पुढच्या बाजूने निघाली आणि हिरवी मागच्या बिजागरीत गेली. तिथे ती जळाली आणि घरभर कोथिंबीर जळल्याचा वास सुटला. मोबाईलवर चार मिनिटं पूर्ण झाली. सँडविच निघालं ते वरून ठिपक्यांनी तांबूस, मधे पांढरं आणि खाली ओलं. जिथे जिथे टोमॅटो पावाला टेकला होता तिथे तिथे बरोबर चकतीच्या मापाचा फिका गोल उमटला होता. एवढा स्पष्ट नकाशा असताना कारण शोधायची गरजच नव्हती.

मग आत्या उठली. तिने कालचा पाव मागितला. कालचा पाव जरा सुकलेला असतो, चटणीच्या वजनाने वाकत नाही आणि भाजायलाही कमी वेळ घेतो. लोणी आतून कडेपर्यंत, त्यावर घट्ट चटणी. बटाटा फ्रीजमधला, पूर्ण गार झालेला, पातळ चकत्यांचा. गरम बटाटा स्वतःच वाफ सोडत असतो, तो आत कोंडण्यात अर्थ नाही. बटाट्याचा एक थर खाली, एक वर, आणि टोमॅटो त्या दोघांच्या मधे, म्हणजे तो कुठूनही पावाला शिवणार नाही. टोमॅटोच्या बिया आणि भोवतालचा बुळबुळीत गर तिने सुरीच्या टोकाने काढून टाकला होता. पाणी सगळ्यात आधी सुटतं ते तिथूनच. उरलेला मांसल भाग फक्त दोन चकत्यांचा. किसलेलं चीज कडेपासून बोटभर आत. मीठ-मसाला शेवटी. बाहेरून तुपाचा हात, कारण लोण्यात थोडं पाणी असतं आणि तुपात नसतं. झाकण ठेवलं पण कडी लावली नाही. झाकणाच्या वजनाने सँडविच आपोआप बसतं. वरून जोर दिला की सारण कडेकडे पळतं.

भाऊजींनी मोबाईल काढला. आत्याने तो बाजूला ठेवायला लावला आणि वाफेकडे बोट दाखवलं. पहिलं मिनिट-दीड मिनिट दोन्ही बाजूंनी वाफेचे पांढरे लोट येतात आणि चुरचुर आवाज चालू असतो. ते पाणी बाहेर पडत असल्याचं लक्षण आहे. या वेळी झाकण उघडलं तर पाव अजून ओला असतो आणि तव्याला धरून बसतो, म्हणून वरचा पाव वर नि खालचा खाली जातो. पृष्ठभाग कोरडा झाला की तो आपण होऊन सुटतो. मग वाफ विरळ होत जाते, चुरचुर मंदावते आणि भाजक्या पावाचा वास यायला लागतो. वाफ अगदी पातळ झाली की उघडायचं. आमच्या यंत्रावर ही वेळ साडेतीन-चार मिनिटांच्या आसपास येते. पण गोड मिल्क ब्रेड असला तर साखरेमुळे तो लवकर तांबूस होतो आणि वाफ थांबायच्या आत करपण्याची भीती असते, ब्राऊन ब्रेडला रंगाचा अंदाज लागत नाही, आणि दुसरा घाणा पहिल्यापेक्षा लवकर होतो. म्हणून आकडा पाठ करून उपयोग नाही. भाऊजींनी लपवून वेळ लावलीच होती. तीही चार मिनिटांच्या जवळपासच भरली. पण चार मिनिटं तीच असताना त्यांचं सँडविच तसं आणि आत्याचं असं का, याचं उत्तर मोबाईलमध्ये नव्हतं.

दोन घाण्यांच्या मधे मात्र पुन्हा हिरव्या दिव्याची वाट बघायची. तव्यांपुरता त्याचा शब्द खरा असतो, आणि तेवढाच आपल्याला हवा असतो.

एवढं करूनही कुरकुरीतपणा घालवायची शेवटची संधी ताटात मिळते. गरम सँडविच सपाट ताटलीत ठेवलं की खालून निघणारी वाफ ताटलीला लागून थंड होते, पाणी होऊन परत पावात जाते आणि दोन मिनिटांत खालची बाजू ओली होते. जाळीवर ठेवा, नाहीतर ताटलीच्या काठाला टेकवून उभं करा. कापायच्या आधी मिनिटभर थांबा. तेवढ्यात चीज जरा धरतं आणि वाफ निघून जाते. लगेच सुरी दाबली तर यंत्रात न गळलेलं सारण ताटात गळतं. डब्यात द्यायचं असेल तर पूर्ण गार करून, कागदात गुंडाळून. गरम सँडविच डब्यात भरून झाकण लावणाऱ्या आईला मुलं काही बोलत नाहीत. फक्त डबा तसाच परत येतो.

यंत्र साफ करताना नॉनस्टिकवर सुरी किंवा घासणी चालवायची नाही. प्लग काढून, कोमट असताना ओल्या फडक्याने पुसलं की बहुतेक निघून जातं. चटणी जळली असेल तर ओलं फडकं दोन तव्यांमध्ये काही वेळ ठेवून झाकण मिटायचं.

मात्र चीज गळलं असेल तर फडक्याची गरजच पडत नाही. तव्यावर सांडलेलं चीज रेघांमध्ये पसरून खरवडीसारखं तांबूस, कुरकुरीत होतं आणि ते उचलायला आमच्याकडे मोठी माणसं मुलांना ढकलून पुढे होतात. भाऊजी हल्ली सगळं आत्याच्या पद्धतीने करतात. कालचा पाव, गार बटाटा, बिया काढलेला टोमॅटो. फक्त चीज तेवढं बोटभर आत ठेवायचं विसरतात, आणि तेही चीज गळणारा कोपरा नेमका त्यांच्याच बाजूला असतो तेव्हा.